प्रकाशित व्यवसाय आराखड्याची केस स्टडी: विद्यार्थी नेहमी विचारतात ते प्रश्न

केस स्टडीच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. आराखडा नीट वाचलेला असतो, मुद्देही भरपूर असतात, पण आराखड्यातला एकही आकडा कोणी हलवून पाहिलेला नसतो. म्हणून हे पान त्या एका कामाभोवती लिहिलं आहे. सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे, म्हणजे पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालताना दिसेल.

प्रकाशित व्यवसाय आराखडा नेमका कशाला म्हणायचं?

कंपनीने स्वतः लिहून लोकांसमोर ठेवलेला असा कोणताही दस्तऐवज, ज्यात ती काय विकणार, कोणाला विकणार, त्यासाठी काय उभारणार आणि पैसे कुठून आणणार हे सांगितलेलं असतं. शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक, म्हणजे प्रॉस्पेक्टस, हे याचं सगळ्यात उपयोगी रूप. त्यात खोटं लिहिलं तर कायदेशीर अडचण येते, त्यामुळे पुस्तकातल्या नमुना आराखड्यांपेक्षा ते कितीतरी भरवशाचं असतं. अमेरिकी कंपन्यांची 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनची बहुतेक माहितीपत्रकं तिथल्या रोखे नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

वर्गात मिळणारी केस आणि असा आराखडा यांत फरक काय?

फरक लिहिणाऱ्याचा आहे. वर्गातली केस शिकवण्यासाठी लिहिलेली असते. लेखक तटस्थ राहतो, लागणारी माहिती निवडून देतो आणि निर्णय तुमच्यावर सोडतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 1921 मध्ये पहिली लेखी केस काढली तेव्हापासून हाच शिरस्ता आहे. आराखडा मात्र पैसे मागायला आलेल्या माणसाने लिहिलेला असतो. त्यातली वाक्यं खरी असली, तरी कोणतं वाक्य आधी यावं, कोणतं मागे जावं आणि कोणता भागाकार वाचकावर सोडावा, हे त्याने ठरवलेलं असतं. तो सोडलेला भागाकार करणं हे तुमचं काम.

या पानावर कोणतं उदाहरण आहे?

वेबव्हॅन. ही अमेरिकी कंपनी इंटरनेटवर किराणा मालाची ऑर्डर घेऊन तो घरपोच देत असे. जून 1999 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथे तिचं पहिलं मोठं वितरण केंद्र सुरू झालं. सरकते पट्टे, फिरणारी कपाटं आणि संगणकावर चालणारी मांडणी असं सगळं तिथे होतं. पुढच्याच महिन्यात कंपनीने बेक्टेल या बांधकाम कंपनीशी अशीच 26 केंद्रं उभारण्याचा सुमारे 100 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. नोव्हेंबर 1999 मध्ये 15 डॉलरला एक या भावाने 2.5 कोटी शेअर विकून तिने 37.5 कोटी डॉलर उभे केले. जुलै 2001 मध्ये कंपनी बंद पडली.

शेवट सुरुवातीलाच सांगून टाकला. लपवून काही साधत नाही, आणि तो कसा वापरायचा हा प्रश्न पुढे येणारच आहे.

पहिल्या वाचनात काय करायचं?

आधी तारीख पाहा. आराखडा कोणत्या दिवशी लोकांसमोर आला ते वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आपण नोव्हेंबर 1999 धरू, म्हणजे शेअर विक्रीचा महिना.

मग पेन हातात घेऊन वाचा आणि प्रत्येक दाव्यासमोर तीनपैकी एक खूण करा: घडलेलं, ठरलेलं किंवा मानलेलं. ओकलंडचं केंद्र सुरू झालं, हे घडलेलं. 26 केंद्रांचा करार, हे ठरलेलं. एक केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं की दिवसाला सुमारे 8,000 ऑर्डर हाताळेल आणि वर्षाला सुमारे 30 कोटी डॉलरची विक्री देईल, हे मानलेलं. आराखड्याच्या भाषेत ही तिन्ही वाक्यं एकाच ठामपणे येतात, म्हणून वाचताना ती एकाच पातळीवरची वाटतात. खुणा केल्या की चित्र बदलतं. वेबव्हॅनच्या बाबतीत घडलेल्याच्या रकान्यात एक केंद्र आणि काही महिन्यांचा अनुभव उरतो. बाकी सगळी इमारत मानलेल्यावर उभी आहे.

वहीची पानं घालवून आराखड्याचा सारांश लिहू नका. तपासणाऱ्याने तो वाचलेला असतो.

आराखड्याला कोणते प्रश्न विचारायचे?

वीस-पंचवीस प्रश्नांच्या याद्या फिरतात. मला त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही, कारण विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला दोन ओळी देतो आणि कुठेच खोल जात नाही. पाच प्रश्न पुरतात, पण ते याच क्रमाने विचारायला हवेत, कारण प्रत्येकाचं उत्तर पुढच्यात वापरायचं आहे.

1. एका ग्राहकाच्या एका खरेदीतून कंपनीला काय मिळतं आणि त्यातून काय जातं?
2. अशा किती खरेद्या झाल्या की ठरलेले खर्च भरून निघतात?
3. तितक्या खरेद्या व्हायला किती लोकांनी आपली कोणती सवय बदलायला हवी?
4. तसं होईल याचा आराखड्याच्या तारखेला काय पुरावा होता?
5. पुरावा हाती येण्याआधी किती पैसे अडकणार आहेत?

चौथा आणि पाचवा एकत्र पाहिले की आराखड्याचा स्वभाव कळतो. पुरावा थोडा आणि अडकणारी रक्कमही थोडी, तर तो प्रयोग झाला. पुरावा थोडा आणि रक्कम मोठी, तर तो डाव झाला. डाव खेळणं चूक नसतं, पण आराखडा त्याला प्रयोग म्हणत असेल तर तुम्ही ते दाखवायला हवं.

उलटा हिशोब म्हणजे काय? करून दाखवाल का?

आराखडा गृहीतकापासून विक्रीकडे जातो. तुम्ही विक्रीपासून गृहीतकाकडे यायचं.

वेबव्हॅनच्या केंद्राची वार्षिक विक्री 30 कोटी डॉलर आणि रोजच्या ऑर्डर 8,000. वर्षाचे 365 दिवस धरले तर 29.2 लाख ऑर्डर होतात. 30 कोटींना 29.2 लाखांनी भागा, उत्तर येतं सुमारे 103 डॉलर. म्हणजे प्रत्येक ऑर्डर सरासरी 103 डॉलरची असेल, असं कंपनी धरून चालली आहे. एका भागाकाराने आराखड्याचा कणा हाती आला.

आता दुसरी बाजू. कुटुंब महिन्यातून दोनदा ऑर्डर देईल असं आपण धरू. हे आपलं गृहीतक, तसं उत्तरात लिहायचं. वर्षाला 24 ऑर्डर झाल्या. 29.2 लाखांना 24 ने भागलं की सुमारे 1 लाख 22 हजार कुटुंबं येतात. एका केंद्राच्या टप्प्यात, म्हणजे सुमारे 50 मैलांच्या परिसरात, इतक्या कुटुंबांनी वर्षभर, न चुकता, दर वेळी 103 डॉलरचा माल मागवला पाहिजे. एकदा गंमत म्हणून मागवून पाहणारे यात धरता येत नाहीत.

इथे विद्यार्थी विचारतात, हा आकडा मोठा की छोटा? एकट्या आकड्यावरून ते ठरत नाही. त्या परिसरात इंटरनेट असलेली किती कुटुंबं आहेत, त्यांतली किती या कंपनीला बांधील राहतील, हे मांडलं की ठरतं. साल 1999 आहे. घरोघरी जोडणी पोचलेली नव्हती आणि जिथे होती तिथे बहुतेकांची टेलिफोनच्या तारेवरून चालणारी, संथ होती. तारीख लिहून ठेवा म्हटलं ते यासाठी.

खर्चाचे आकडे आराखड्यात नसतील तर?

बहुतेकदा नसतात. मग आपण ठेवायचे आणि ते आपले आहेत हे उघड सांगायचं. आकडा अचूक आहे का, याला फार महत्त्व नाही. तो थोडा हलवला तर निष्कर्ष हलतो का, ते पाहायचं असतं.

वेबव्हॅनसाठी असं धरून पाहू. मालाच्या खरेदी-विक्रीत 25 टक्के ढोबळ नफा. एक ऑर्डर घरी पोचवायला गाडी, चालक आणि इंधन मिळून 10 डॉलर. दोन्ही आकडे माझे, फक्त हिशोबासाठी.

ऑर्डर 103 डॉलरची असेल तर ढोबळ नफा 25.75 डॉलर. त्यातून पोच खर्चाचे 10 गेले की उरले 15.75.

आता ऑर्डर 81 डॉलरची धरा. ढोबळ नफा 20.25, आणि पोच खर्च तोच 10, कारण गाडीला रस्ता तेवढाच कापावा लागतो. उरले 10.25.

ऑर्डर सुमारे 21 टक्क्यांनी घटली आणि हाती उरणारी रक्कम सुमारे 35 टक्क्यांनी. उत्तरातला सगळ्यात मौल्यवान परिच्छेद इथे जन्माला येतो, कारण ही गोष्ट आराखड्यात कुठेही लिहिलेली नाही आणि तरी त्याचा 103 डॉलरचा आकडा हलवला की समोर येते.

एक पायरी पुढे जाऊ. केंद्राचा वर्षाचा स्थिर खर्च, म्हणजे जागा, यंत्रं, कायमचे कर्मचारी आणि संगणक यंत्रणा, 2 कोटी डॉलर धरू. तो भरून काढायला पहिल्या स्थितीत रोज सुमारे 3,500 ऑर्डर लागतात, दुसऱ्या स्थितीत सुमारे 5,350. केंद्राची क्षमता 8,000. पहिल्या वेळी ते 44 टक्के भरलं की भागतं, दुसऱ्या वेळी 67 टक्के भरावं लागतं. ऑर्डरमागे 22 डॉलर कमी आले, एवढ्यानेच.

मी धरलेला आकडा चुकीचा निघाला तर गुण जातात का?

कारण दिलेलं असेल आणि आकडा हलवून पाहिलेला असेल तर माझ्याकडे जात नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीने पोच खर्च 6 डॉलर धरला होता, म्हणजे माझ्यापेक्षा बराच कमी. पण तिने खाली एक ओळ लिहिली होती: हा खर्च 12 डॉलर झाला तरी क्रम बदलत नाही, ऑर्डरची रक्कमच सगळ्यात नाजूक ठरते. तिने पडताळून पाहिलं होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

गुण जातात ते कुठून आला याचा पत्ता नसलेल्या आकड्याचे. ‘तज्ज्ञांच्या मते बाजारपेठ मोठी आहे’ हे वाक्यही त्याच जातीचं.

कंपनी बुडाली हे मला माहीत आहे. ते लिहायचं की नाही?

विश्लेषणात नाही, पडताळणीत हो. यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शेवट माहीत असला की आराखड्यातली प्रत्येक गोष्ट अपशकुनासारखी दिसू लागते. ‘कंपनीने फार वेगाने विस्तार केला म्हणून ती बुडाली’ असं वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. पण वेगाने विस्तार करून टिकलेल्या कंपन्याही आहेत. वेग इथे का नडला, हे त्या वाक्यात येतच नाही.

तुम्ही नोव्हेंबर 1999 मध्ये उभे राहा आणि त्या दिवशी हाती असलेल्या कागदांवरून बोला. तेव्हा काय दिसत होतं? 26 केंद्रांना 100 कोटी, म्हणजे एका केंद्राला साधारण 3.85 कोटी डॉलर. करार जुलैचा, पहिलं केंद्र जूनचं. म्हणजे मोठी रक्कम शब्दाने बांधली गेली तेव्हा पहिल्या केंद्राचा अनुभव जेमतेम महिनाभराचा होता. शेअर विक्रीतल्या 37.5 कोटींत या भावाने दहा केंद्रंही पुरी होत नाहीत. कंपनीकडे आधीच्या गुंतवणूकदारांचे पैसे होते, हे खरं. तरीही केंद्रं बांधून होईपर्यंतचा तोटा भरायला बाजारातून पुन्हा पैसे मिळत राहतील, असं धरल्याशिवाय हिशोब बसत नव्हता. हे सगळं त्या दिवशी दिसत होतं. बुडण्याचा उल्लेखही न करता तुम्ही ते लिहू शकता.

मग शेवटच्या भागात, वेगळ्या मथळ्याखाली, पुढे काय झालं ते आणा. 1999 मध्ये वेबव्हॅनची विक्री सुमारे 1.33 कोटी डॉलर आणि निव्वळ तोटा सुमारे 14.46 कोटी डॉलर होता. ही विक्री जवळपास सगळी ओकलंडच्या पहिल्या सात महिन्यांची धरली, तर रोजची सरासरी 63 हजार डॉलरच्या आसपास येते. पूर्ण क्षमतेची विक्री दिवसाला 8 लाख 24 हजार. म्हणजे सुमारे 8 टक्के. ऑर्डरची सरासरीही 103 ऐवजी 80 डॉलरच्या आसपास राहिली. इथे प्रामाणिक राहा. नवं केंद्र पहिल्या सात महिन्यांत भरत नाहीच, त्यामुळे 8 टक्के या आकड्यावर एकट्याने फार भार टाकू नका. ऑर्डरची सरासरी जास्त बोलकी आहे, कारण ती केंद्र भरेपर्यंत थांबायला लावत नाही, पहिल्या महिन्यापासून दिसते.

स्वॉट, पोर्टर वगैरे चौकटी टाकायच्या का?

मागितल्या असतील तर टाका. एरवी, चौकटीमुळे एखादा नवा प्रश्न सुचला तरच. चार रकान्यांत ‘ताकद: आधुनिक तंत्रज्ञान, कमजोरी: जास्त खर्च’ असं लिहिलं की जागा भरते, पण आधुनिक तंत्रज्ञान आणि जास्त खर्च ही इथे एकच गोष्ट आहे हे निसटतं. ज्या यंत्रांमुळे ऑर्डरमागची मजुरी कमी होणार होती, त्याच यंत्रांमुळे स्थिर खर्च वाढला आणि केंद्र भरलंच पाहिजे ही सक्ती आली. दोन रकान्यांत फोडलं की हा संबंध तुटतो.

आराखड्यातलं जोखमीचं प्रकरण वाचायचं का? ते तर वकिलांनी लिहिलेलं वाटतं.

वकिलांनीच लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच वाचा. पुढचा भाग विकणारा लिहितो, हा भाग उद्या दावा लागेल या भीतीने लिहिलेला असतो. वेबव्हॅननेही आपला अनुभव मर्यादित आहे आणि पुढेही तोटा होत राहील हे सांगितलं होतं. तो सांगितलेला धोका पुन्हा लिहून दाखवण्यात काही मिळत नाही. धोका आणि व्यवसायाच्या प्रकरणातला दावा शेजारी ठेवा. एका ठिकाणी ‘मागणीचा अंदाज अवघड’ आणि दुसऱ्या ठिकाणी 26 केंद्रांचं वेळापत्रक असेल, तर त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तुमचा मुद्दा आहे.

पर्याय सुचवायचा का?

हो, पण त्या काळात शक्य असलेला. 2010 नंतरचं मोबाइल अ‍ॅप 1999 च्या कंपनीला सुचवणारी उत्तरं येतात.

वेबव्हॅनसाठी पर्याय समोरच होता. ब्रिटनमध्ये टेस्को ही सुपरमार्केट साखळी 1990 च्या दशकातच घरपोच सेवा देऊ लागली होती आणि त्यासाठी वेगळी केंद्रं बांधण्याऐवजी चालू दुकानांतल्या फळ्यांवरून माल उचलत होती. सेवेचे पैसेही वेगळे घेत होती. हा पर्याय वरच्या पाच प्रश्नांतून काढून पाहा. माल उचलायला माणसं जास्त लागतात, म्हणजे ऑर्डरमागे खर्च वाढतो. पण स्थिर खर्च जवळपास नाही, म्हणजे ऑर्डर कमी आल्या तरी गळ्याशी येत नाही. पुरावा मिळण्याआधी अडकणारी रक्कमही किरकोळ.

तेवढ्यावर ‘टेस्कोचं बरोबर, वेबव्हॅनचं चूक’ असा शेरा मारून थांबू नका. टेस्कोकडे दुकानं होती, वेबव्हॅनकडे नव्हती. नव्या कंपनीने हा मार्ग धरायचा तर कोणाच्या तरी दुकानांशी करार करावा लागला असता, आणि मग नफ्यात वाटा द्यावा लागला असता. पर्यायाचा खर्च सांगितला की तो पर्याय खरा वाटतो.

उत्तराची मांडणी कशी ठेवायची?

उत्तर 1,500 शब्दांचं आहे असं धरू. मी अशी वाटणी सुचवते.

पहिले 150 शब्द निर्णयाला. तुम्ही कोण म्हणून बोलताय, कोणत्या तारखेला, आणि तुमचं मत काय. निष्कर्ष शेवटपर्यंत राखून ठेवण्याची सवय निबंधातून येते, इथे ती सोडायची.

पुढचे 200 शब्द आराखडा कशावर उभा आहे ते सांगायला, तुमच्या शब्दांत. संस्थापकांची ओळख आणि कंपनीचा इतिहास यांना इथे जागा नाही.

मग 600 शब्द त्या एका गृहीतकाला, ज्यावर बाकीचे टेकलेले आहेत. उलटा हिशोब, आपण धरलेले आकडे, ते हलवल्यावर काय होतं, आणि त्या तारखेचा पुरावा. दोन-तीन गृहीतकं नाजूक वाटत असतील तर प्रत्येक 20 टक्क्यांनी खाली ओढून पाहा. ज्याने निकाल सगळ्यात जास्त बिघडतो ते निवडा, बाकीची एका वाक्यात आटपा.

300 शब्द पर्यायाला आणि त्याच्या खर्चाला. उरलेले 250 शिफारस आणि पडताळणी यांच्यात वाटा. सविस्तर आकडेमोड परिशिष्टात जाऊ द्या, पण निकालाचा आकडा मजकुरात हवा. वाचणाऱ्याला पान उलटून परत यावं लागलं की धागा सुटतो.

पहिला परिच्छेद प्रत्यक्षात कसा दिसतो?

साधारण असा:

‘नोव्हेंबर 1999 मध्ये गुंतवणूकदार म्हणून मी वेबव्हॅनच्या एका केंद्राला पैसे देईन, 26 केंद्रांना देणार नाही. एका केंद्राची 30 कोटी डॉलरची विक्री सरासरी 103 डॉलरच्या ऑर्डरवर अवलंबून आहे. ही सरासरी 81 डॉलरवर आली तर, माझ्या हिशोबाने, खर्च भरून निघण्यासाठी केंद्र 44 ऐवजी 67 टक्के भरावं लागतं. ऑर्डरची रक्कम टिकते का हे ओकलंडमध्ये काही महिन्यांत कळू शकतं. ते कळण्याआधी 100 कोटी डॉलरचं बांधकाम ठरवण्यामागे आराखड्यात घाईशिवाय दुसरं कारण सापडत नाही.’

याच्या शेजारी हल्लीच तपासलेली सुरुवात ठेवते: ‘आजच्या स्पर्धात्मक युगात ग्राहकांच्या गरजा झपाट्याने बदलत आहेत. वेबव्हॅन ही ऑनलाइन किराणा क्षेत्रातील एक अग्रगण्य कंपनी होती.’ पहिलं वाक्य कोणत्याही कंपनीला चिकटतं, दुसऱ्यात काळ चुकला आहे. त्या तारखेला ती ‘होती’ नव्हती, ‘आहे’ होती.

शिफारस किती ठोस असावी?

इतकी, की सहा महिन्यांनी ती चुकली की बरोबर ठरली हे तिसरा माणूस सांगू शकेल. ‘कंपनीने सावधपणे विस्तार करावा’ ही शिफारस कधीच चुकत नाही, म्हणून तिला किंमत नाही. ‘ओकलंडमध्ये सलग तीन महिने ऑर्डरची सरासरी 95 डॉलरच्या वर आणि रोजच्या ऑर्डर 3,000 च्या वर गेल्याशिवाय दुसऱ्या केंद्राची यंत्रं मागवू नयेत’ ही चुकू शकते. त्यातले उंबरठे तुमच्याच आधीच्या हिशोबातून आले पाहिजेत. वर ऑर्डर 103 डॉलरची धरून ब्रेक-इव्हन, म्हणजे खर्च जेमतेम भरून निघतो तो बिंदू, रोज 3,500 ऑर्डरवर आला होता. म्हणजे 3,000 ला केंद्र अजून तोट्यातच आहे, पण बिंदू नजरेच्या टप्प्यात आलाय. तो आकडा का निवडला ते एका वाक्यात सांगा.

आणि कंपनीची बाजूही ऐकून घ्या. ती म्हणेल, थांबलो तर दुसरा कोणी बाजार पकडेल. या युक्तिवादाला उत्तर न देता केलेली शिफारस अर्धीच राहते. माझं उत्तर असं असतं: पहिल्याने येऊन पकडता येईल असं इथे काय आहे? ग्राहकाला उद्या दुसरीकडून मागवायला काही खर्च पडत नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

निवडलेला आराखडा यशस्वी ठरलेल्या कंपनीचा असेल तर पद्धत बदलते का?

पद्धत तीच, मोह उलटा. तिथे प्रत्येक गृहीतक शहाणपणाचं वाटतं. अशा वेळी शोधायचं ते हे: आराखड्यात लिहिलेल्या कारणाने कंपनी यशस्वी झाली, की वाटेत बदललेल्या कारणाने? आराखड्यातली उत्पन्नाची वाट आणि नंतरच्या वार्षिक अहवालातली उत्पन्नाची वाट शेजारी ठेवा. पुष्कळदा त्या जुळत नाहीत.

आम्ही दोघांनी एकच आराखडा घेतला आणि निष्कर्ष उलटे आले. एकाचं चूकच असणार ना?

असेलच असं नाही. दोघांच्या वह्या उघडा आणि कोणत्या ओळीपाशी वाटा फुटल्या ते शोधा. बहुतेकदा ती ओळ एका धरलेल्या आकड्याची असते. तुम्ही ऑर्डर महिन्यातून दोनदा धरली, त्याने चारदा, म्हणजे त्याला 1 लाख 22 हजारांच्या निम्मीच कुटुंबं लागली आणि आराखडा त्याला सोपा वाटला. मग वाद कंपनीबद्दलचा राहत नाही. महिन्यातून चारदा, प्रत्येक वेळी 103 डॉलरचा किराणा एक कुटुंब मागवेल का, एवढाच उरतो. 103 ला चारने गुणा आणि महिन्याचा आकडा पाहून ठरवा.